ऑपरेशनआधी मुलाला पाजलं जाणारं सिरप: किती वेळात लागू होतं आणि नंतर घरच्यांनी काय पाहायचं?

लहान मुलाचं हर्नियाचं, टॉन्सिल्सचं किंवा फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन असो, नाहीतर दवाखान्यात भूल देऊन करायची खतना असो. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर एका छोट्या सिरिंजमध्ये तीन-चार मिली औषध आणतात आणि मुलाला तोंडाने पाजतात. थोड्या वेळाने मूल सैलावतं, बोबडं बोलायला लागतं आणि फारसं न रडता अनोळखी माणसाच्या कडेवर जातं. घरच्यांना वाटतं, भूल चढली. ऑपरेशन संपून तीन तास झाले तरी मूल पेंगतंय म्हटल्यावर तीच माणसं घाबरतात.

या औषधाचं नाव मिडाझोलम. मुलांना फिट आल्यावर नाकात मारायचा जो स्प्रे काही घरांत ठेवलेला असतो, त्यातही बहुतेकदा हेच औषध असतं. तोंडाने द्यायच्या मिडाझोलम सिरपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ साली मंजुरी दिली. आज जगभर ऑपरेशनआधी मुलांची भीती घालवण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी दवाखान्यात मुलाला घेऊन जाणाऱ्या घरच्यांनी या औषधाबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, हे सिरप म्हणजे भूल नाही. दुसरी, या सिरपला स्वतःचं एक घड्याळ आहे. ते समजलं की त्या दिवसातली निम्मी घबराट कमी होते आणि खरा धोका असेल तर तो वेळेवर ओळखता येतो.

सिरप काय करतं, काय करत नाही

आपल्या मेंदूत स्वतःला शांत करणारी एक यंत्रणा असते. मिडाझोलम तिचा जोर वाढवतं. त्यामुळे मुलात तीन बदल होतात. भीती कमी होते, गुंगी येते, आणि औषध लागू झाल्यानंतर जे घडतं ते पुढे फारसं आठवत नाही. तोंडावर ठेवलेला मास्क, आईपासून दूर नेलं तो क्षण, ओटीतले मोठे दिवे, यातलं बरंचसं मुलाच्या लक्षात राहत नाही. सिरप देण्याआधीचं मात्र आठवतं. म्हणून औषध पाजताना त्याला दाबून धरलं, ओरडलं, तर ते लक्षात राहू शकतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. काही मुलांना हे सिरप दिलं, काहींसोबत भूल देताना आई किंवा वडिलांना आत थांबू दिलं, आणि काहींसाठी यातलं काहीच केलं नाही. भूल देतेवेळी सर्वांत कमी घाबरलेली मुलं सिरप घेतलेली होती. त्यामुळे आईला आत सोडलं नाही म्हणजे मुलावर अन्याय झाला, असं समजू नये.

पण हे औषध वेदना थांबवत नाही. आपल्या वाचकांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. खतना करताना "सिरप देतो, पोराला काही कळणार नाही" असं कुणी म्हणालं, तर ते बोलणं अर्धवट आहे. गुंगीतल्या मुलालाही चाकू लागतो. फक्त तो नीट सांगू शकत नाही. दुखू नये म्हणून जागा बधिर करणारं इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं, किंवा पूर्ण भूल द्यावी लागते. आणि गुंगी आलेल्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून जिथे ऑक्सिजन, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आणि मुलाचा श्वास सांभाळू शकणारा प्रशिक्षित माणूस नाही, तिथे हे औषध देऊ नये. घरी तर अजिबात नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्याचं कारणही हेच.

"हे नशेचं औषध आहे का, सवय लागेल का?" असं बरेच लोक विचारतात. रोज, बरेच दिवस घेतलं तर या जातीच्या औषधांची सवय लागते. ऑपरेशनआधीच्या एका डोसने लागत नाही.

सिरपचं घड्याळ

एक उदाहरण घेऊ. समजा चार वर्षांचा मुलगा आहे, वजन १४ किलो, आणि नऊ वाजता त्याला ओटीत घ्यायचं आहे. नेहमीचा डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम असतो. म्हणजे १४ किलोला ७ मिलिग्रॅम. सिरपच्या एका मिलीत २ मिलिग्रॅम औषध असेल, तर साडेतीन मिली. हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे. मुलाच्या तब्येतीप्रमाणे भूलतज्ज्ञ यापेक्षा कमी देऊ शकतात, आणि वजन जास्त असलं तरी एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाहीत.

साडेआठला सिरप पाजलं. पहिली दहा मिनिटं बहुधा काहीच दिसत नाही. साधारण ८.४० नंतर मूल सैल पडायला लागतं, उगाच हसतं, जीभ जड होते. ८.५० ते ९ च्या दरम्यान परिणाम चांगला जाणवतो. आईपासून वेगळं करायची हीच वेळ. सव्वानऊनंतर परिणाम हळूहळू उतरणीला लागतो आणि साडेनऊपर्यंत काही मुलं पुन्हा चिडचिडी होतात. म्हणजे कामाची वेळ जेमतेम अर्ध्या तासाची.

ही वेळ चुकते ती बहुतेक वेळा दोन प्रकारे. कधी आधीचं ऑपरेशन लांबतं आणि मुलाचा नंबर तासाभराने लागतो. तोवर परिणाम ओसरलेला असतो आणि मूल ओटीच्या दारात रडतं. अशा वेळी "अजून थोडं पाजा" असा हट्ट धरू नये. पहिला डोस शरीरातून गेलेला नसतो, फक्त त्याचा वरचा जोर कमी झालेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे मूल औषध थुंकतं. हे कडू असतं, गोड सिरपमध्ये मिसळलं तरी मागून कडवटपणा येतोच. किती पोटात गेलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, म्हणून पुन्हा द्यायचं की नाही हे भूलतज्ज्ञच ठरवतात. थुंकलं असेल तर लपवू नका, लगेच सांगा.

डोसबद्दल अजून एक गोष्ट. तोंडाने दिलेलं बरंचसं मिडाझोलम आतडं आणि यकृतातून जातानाच मोडून जातं. रक्तात पोहोचतं ते साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. म्हणून तोंडाने द्यायचा डोस इंजेक्शनपेक्षा कितीतरी मोठा असतो. सिरप उपलब्ध नसेल तर काही ठिकाणी इंजेक्शनचंच औषध गोड पाण्यात मिसळून पाजतात. ते चालतं, पण त्याची ताकद वेगळी असू शकते. एका मिलीत ५ मिलिग्रॅम असलेलं इंजेक्शन साडेतीन मिली पाजलं, तर ७ ऐवजी साडेसतरा मिलिग्रॅम जाईल. म्हणून हिशेब नेहमी मिलिग्रॅममध्ये करतात. तुम्हीही "किती मिली दिलं" एवढंच न विचारता "किती मिलिग्रॅम दिलं आणि किती वाजता" असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पुढे रात्री काही अडचण आली, तर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.

पाजल्यानंतरची वीस मिनिटं

सिरप पोटात गेलं की मुलाला जमिनीवर चालू देऊ नका. पाय लटपटतात, डोळ्यांना एकाचे दोन दिसू शकतात, आणि मूल पलंगावरून किंवा पायरीवरून पडतं. मांडीवर घ्या, डोकं थोडं वर ठेवा, हनुवटी छातीवर टेकू देऊ नका. बहुतेक मुलं पूर्ण झोपत नाहीत. डोळे उघडे असतात, हाक मारली की बघतात. मूल झोपलं नाही म्हणजे औषध लागू झालं नाही, असं नाही. झोपलंच तर हलक्या हाकेला किंवा थापटल्यावर प्रतिसाद द्यायला हवा. घोरण्याचा मोठा आवाज येत असेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सिस्टरला लगेच बोलवा.

थोड्या मुलांत औषधाचा उलटा परिणाम होतो. शांत व्हायच्या ऐवजी मूल किंचाळतं, हातपाय झाडतं, चावतं, समजावलं तरी ऐकत नाही. अशा वेळी आणखी गुंगीचं औषध मागू नका. डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा मूल आपोआप शांत होतं, आणि गरज पडली तर या औषधाचा परिणाम उलटवणारं औषधही असतं. पुढे कधी दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली, तर ही गोष्ट आठवणीने सांगायची.

आदल्या दिवशी सांगायच्या गोष्टी

आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर बरेच आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुलाला दवाखान्यात दादी किंवा नानी घेऊन येते. तिला मागची सगळी औषधं माहीत असतीलच असं नाही. म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा आईवडिलांना फोन लावून द्यावा, आणि जुन्या चिठ्ठ्या, औषधांची पाकिटं सोबत ठेवावीत.

पहिली गोष्ट वजन. अंगणवाडीच्या कार्डावरचं जुनं वजन चालत नाही, त्याच दिवशी काट्यावर करून घ्यावं. डोस पूर्णपणे वजनावर ठरतो.

दुसरी गोष्ट झोपेतलं घोरणं. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, तर हे सांगायलाच हवं. टॉन्सिल्स वाढलेल्या मुलांत हे नेहमी दिसतं. अशा मुलांना गुंगीत श्वास अडायचा धोका जास्त असतो आणि भूलतज्ज्ञ सिरप कमी देतात किंवा टाळतात. ताप, कफ, धाप, यकृताचा आजार हेही सांगा.

तिसरी गोष्ट चालू औषधं. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, गजकर्णासाठी दिली जाणारी फ्लुकोनाझोल आणि इट्राकोनाझोल ही औषधं मिडाझोलमचं मोडणं मंदावतात. मग तोच डोस जास्त आणि लांब परिणाम करतो. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल, तर मिडाझोलम लवकर मोडतं आणि परिणामच दिसत नाही. यातलं कोणतंही औषध मनाने बंद करू नका, फक्त सांगा.

चौथी गोष्ट उपाशीपोट. साधारण नियम असा आहे: जेवण, बिस्किट, वरचं दूध, दुधाचा चहा हे ऑपरेशनच्या सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. दवाखान्याने वेगळी वेळ सांगितली तर ती पाळावी. गुंगीतल्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून हा नियम. लेकरू रडतंय म्हणून कुणी कोपऱ्यात नेऊन बिस्किट चारलं असेल, तर ते सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच होईल. न सांगितलं तर जिवावर बेतू शकतं.

शुद्धीवर येताना

ऑपरेशन झाल्यावर मूल रिकव्हरी रूममध्ये येतं. आता त्याच्या अंगात खरी भूलही असते आणि सिरपही. भुलेचा वायू काही मिनिटांत उतरतो. सिरपचं तसं नाही. रक्तातलं निम्मं मिडाझोलम कमी व्हायला दोन ते सहा तास लागू शकतात. आपल्या उदाहरणातल्या मुलाला साडेआठला सिरप दिलं होतं, तर दुपारी अडीचलाही त्यातलं बरंचसं अंगात असू शकतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या ऑपरेशननंतर मूल जास्त वेळ पेंगलेलं दिसतं. शेजारच्या खाटेवरचं पोर उठून बसलं आणि आपलं नाही, याचा अर्थ काही बिघडलं असा होत नाही. हाक मारल्यावर डोळे उघडतंय का, श्वास सारखा आणि सहज चाललाय का, ओठांचा रंग नीट आहे का, एवढं पाहावं.

काही मुलं मात्र उठताना भयंकर रडतात. आईला ओळखत नाहीत, सलाईन ओढतात, पट्टी काढायला जातात. घरातली मोठी माणसं म्हणतात, नजर लागली. प्रत्यक्षात मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत, त्याचा हा गोंधळ असतो. सिरप न घेतलेल्या मुलांतही तो होतो. बहुतेक वेळा पाच ते पंधरा मिनिटांत मूल आपोआप शांत होतं. तेवढा वेळ त्याला सांभाळून धरा, सलाईनचा हात आणि ऑपरेशनची जागा जपा, रागावू नका. एक गोष्ट मात्र सिस्टरला विचारा: दुखण्याचं औषध दिलंय का? कारण वेदनेनेही मूल असंच रडतं, आणि सिरप वेदनेवर काम करत नाही हे आपण पाहिलंच.

पाणी पाजायची घाई नको. मूल पूर्ण जागं होऊन, मान सावरून बसलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चमच्याने थोडं पाणी. ते पचलं तर पुढचं. अंगावर पिणाऱ्या बाळालाही विचारूनच घ्या.

घरी नेताना आणि पहिली रात्र

आष्टी, पाटोदा किंवा वडवणीच्या एखाद्या गावातून आलेलं कुटुंब सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर निघतं, मूल दोघांच्या मध्ये. नेमकं हेच टाळायला हवं. गुंगीतल्या मुलाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मागे बसलेल्याला चेहरा दिसत नाही, गाडीच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही. रिक्षा, जीप किंवा एसटीने जा. आणि गाडी कुणीही चालवो, एका मोठ्या माणसाकडे फक्त मुलाकडे बघायचंच काम ठेवा.

घरी गेल्यावर मूल पुन्हा झोपतं, उठल्यावर चिडचिड करतं, चालताना झोकांड्या खातं. संध्याकाळपर्यंत हे चालतं. चोवीस तास त्याला एकट्याला गच्चीवर, जिन्यावर, विहिरीकडे जाऊ देऊ नका, सायकल देऊ नका. न्हाणीतही सोबत थांबा. खोकल्याचं किंवा सर्दीचं गुंगी आणणारं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका, कारण गुंगीवर गुंगी चढते. रात्री मूल एका कुशीवर झोपलेलं बरं. दोन-तीनदा उठून त्याचा श्वास बघा आणि हलकं थापटा. ते कुरकुरलं, हात झटकला, तर ठीक आहे.

पण जोरात हलवूनही मूल जागं होत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, श्वास मध्येच थांबत असेल, ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि सिरपची वेळ, मिलिग्रॅम लिहिलेला कागद हातात घेऊन निघा. पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, पाणीही टिकत नसेल, पट्टीतून रक्त थांबत नसेल किंवा ताप चढत असेल, तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात परत दाखवा. त्या दवाखान्याचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर कोणता, हे सुट्टीच्या कागदावर हात ठेवूनच विचारून घ्या.